दोन जिवांची आणि दिवाळीचा फराळ

दिवाळी जवळ आली की घराघरांत कढई चढते. बेसन भाजल्याचा खमंग वास सुटतो. फळीवरचा सोऱ्या खाली उतरतो. करंज्या, अनारसे, शंकरपाळे, चिवडा यांनी डबे भरतात. त्या घरात सून किंवा लेक गरोदर असली, तर तिच्या ताटात दोन घास जास्तच पडतात. "खा गं पोरी, तू आता दोन जिवांची आहेस," असे म्हणून थोरली माणसे प्रेमाने वाढतात. पोरीलाही नाही म्हणवत नाही.

प्रेम खरेच आहे. पण ताटातला पदार्थ पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. गरोदरपणात गोडाचा परिणाम एरवीपेक्षा वेगळा होतो. तो का होतो, आणि सण न मोडता काय करता येते, ते आपण पाहू.

दोन जिवांची म्हणजे दोन माणसांचे जेवण नव्हे

पोटातले बाळ अगदी लहान असते. सहाव्या महिन्याच्या शेवटी त्याचे वजन किलोभरसुद्धा नसते. त्याला मोठ्या माणसाएवढे अन्न कसे लागेल? चौथ्या महिन्यापासून गरोदर बाईला रोजच्या जेवणापेक्षा थोडेच जास्त लागते. किती? अर्धी भाकरी, एक वाटी वरण आणि एक पेला दूध. एवढे रोजच्या जेवणात वाढवले की पुरते.

आता बेसनाचा लाडू घ्या. अर्धा किलो बेसन, अर्धा किलो पिठीसाखर आणि पाव किलो तूप घेतले, तर मध्यम आकाराचे तीसएक लाडू होतात. म्हणजे एका लाडवात सुमारे १६ ग्रॅम साखर जाते. लहान चमच्याने मोजली तर ती तीन चमचे भरते. शिवाय दीड चमचा तूप असते. असे दोन लाडू खाल्ले की त्यांतून अंगाला मिळणारी ताकद त्या अर्ध्या भाकरी, वरण आणि दुधाएवढीच होते. उलट थोडी जास्तच.

म्हणजे दिवसभराचा वाढीव हिस्सा दोन लाडवांतच संपला. पण दुधातून मिळते ते हाडांचे बळ लाडवात नाही. मग बाई दूध-वरणही घेते आणि लाडूही खाते. जे जास्त झाले ते चरबी होऊन अंगावर चढते.

साधारण बांध्याच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत ९ ते ११ किलो वाढावे. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे महिन्याला सुमारे दोन किलो, ही ठीक चाल झाली. जी बाई आधीच फार रोडावलेली आहे तिने यापेक्षा जास्त वाढवावे. जी आधीच स्थूल आहे तिने कमी. प्रत्येकीचा आकडा दवाखान्यात विचारून घ्यावा.

साखर रक्तात का तुंबते

आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला किंवा लाडू खाल्ला, तरी त्याची शेवटी साखर होते. ही साखर रक्तात उतरते. रक्तातून ती अंगाच्या कणाकणात जायला हवी. तिथे तिचे बळ होते. पण प्रत्येक कणाला जणू दार असते, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे इन्सुलिन नावाचा रस. पोटात जठरामागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. तो हा रस तयार करतो.

गरोदरपणात बाळाला रक्त पुरवणारी वार वाढत जाते. ही वारसुद्धा काही रस सोडते. बाळाला कायम अन्न मिळावे म्हणून आईच्या रक्तातली साखर जरा जास्त वेळ टिकवायची, हे या रसांचे काम. त्यामुळे किल्ली दाराला नीट लागत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हे जास्त जाणवते. बहुतेक बायांचे स्वादुपिंड मग जादा इन्सुलिन तयार करून वेळ निभावते. काहींचे तेवढे करू शकत नाही. त्यांची साखर रक्तातच तुंबते. याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात.

आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र बाळाकडे जात नाही. मग बाळाला स्वतःचे इन्सुलिन वाढवावे लागते. त्या जोरावर बाळ फार मोठे होते. खांदे रुंद होतात. बाळंतपण अडू शकते, पोट कापून बाळ काढण्याची वेळ येऊ शकते. आणि नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते. बाळाचे इन्सुलिन मात्र जोरातच असते. त्यामुळे जन्मल्यावर थोड्या वेळात बाळाच्या रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते. बाहेरून गुटगुटीत दिसणारे बाळ आतून अशक्त असू शकते.

यातली वाईट गोष्ट अशी की आईला बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही. चक्कर नाही, दुखणे नाही. म्हणून तपासणीवाचून हे कळत नाही.

सुमनच्या कागदावरचा आकडा

एक उदाहरण घेऊ. समजा, सुमन नावाची एक सून आहे. पहिलटकरीण, सातवा महिना नुकताच लागलेला. दिवाळीला आठ दिवस उरले आहेत. आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जातात.

तिथे नर्सबाई पेलाभर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून तिला प्यायला देतात. पाच-दहा मिनिटांत ते संपवायचे. बरोबर दोन तासांनी रक्त घेऊन साखर पाहायची. ही तपासणी उपाशीपोटीच हवी असे नाही. जेवून गेले तरी चालते. पिऊन झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर मात्र ती तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या खाली असला म्हणजे ठीक. १४० किंवा त्यावर गेला म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी दोनदा करायची असते. एकदा पहिल्याच भेटीत, आणि पहिली ठीक आली तरी पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात. सुमनची पहिली तपासणी ठीक होती. या वेळी आकडा आला १५२.

डॉक्टरांनी सांगितले, "घाबरू नका. दोन आठवडे आहार सांभाळा, जेवल्यावर चाला. मग जेवणानंतर दोन तासांनी रक्त पाहू. तो आकडा १२० च्या आत आला तर औषध लागणार नाही."

दोन आठवडे! आणि त्यातच दिवाळी. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई! मग पोरीनं सणाचं काही खायचंच नाही का?"

आशाताई म्हणाल्या, "काकू, गोड अजिबात टाळलं तर सगळ्यात बरं. पण सणासुदीला जिभेवर एवढासा घास आला, तर तो कधी, किती आणि कशाबरोबर आला, याला फार महत्त्व आहे."

पहाटेचे ताट

नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठतो. उटणे लावून अभ्यंगस्नान करतो. आणि उपाशीपोटी फराळाला बसतो. गेल्या वर्षी सुमनने काय खाल्ले होते, ते आशाताईंनी विचारले. दोन बेसनाचे लाडू, एक करंजी, एक अनारसा, मूठभर शंकरपाळे, चिवडा, दोन चकल्या आणि वर गोड चहा.

मग त्यांनी चमच्यांत हिशेब मांडला. दोन लाडवांत सहा चमचे साखर. करंजीच्या सारणात सुमारे दोन चमचे. अनारशात दोन चमचे गूळ. शंकरपाळ्यांत दोन चमचे. चहात दोन चमचे. झाले चौदा चमचे.

"आणि सुमन, तपासणीच्या पेल्यात तू ग्लुकोज किती प्यालीस ठाऊक आहे? पंधरा चमचे."

सासूबाई गप्प झाल्या. ज्या पेल्याने सुमनची साखर १५२ वर गेली, जवळजवळ तेवढे गोड पहाटेच्या एका ताटात होते. अनारशातले तांदळाचे पीठ, शंकरपाळ्यांतला मैदा, चिवड्यातले पोहे यांची साखर होते ती वेगळीच.

"गुळाचं केलं तर?" सासूबाईंनी विचारले. पुष्कळांना वाटते की गूळ सोसतो. गुळात थोडे लोह असते हे खरे. पण रक्तात गेल्यावर गूळही साखरच होतो. मधाचेही तसेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गरोदर बाईचे शरीर सकाळच्या वेळी साखरेला सगळ्यात कमी दाद देते. तोच लाडू दुपारी जेवणानंतर खाल्ला तर साखर जेवढी चढते, त्यापेक्षा पहाटे रिकाम्या पोटी जास्त चढते. आणि आपला सगळा फराळ नेमका पहाटे रिकाम्या पोटी असतो. म्हणून सुमनसाठी पहिला बदल हा ठरला: पहाटे गोड नाही. गोड दुपारच्या जेवणानंतर.

सुमनचे ताट कसे लावले

सण तोच, पंगत तीच. सुमन सगळ्यांबरोबरच बसली. फक्त तिचे ताट वेगळ्या क्रमाने लावले.

पहाटे तिने आधी वाटीभर मटकीची उसळ खाल्ली. मग एक चकली आणि मूठभर चिवडा घेतला. चिवड्यात पोहे कमी आणि शेंगदाणे, डाळे जास्त घातले होते. चहा बिनसाखरेचा, दूध जरा जास्त. अंडे चालत असेल त्या घरी एक उकडलेले अंडे घ्यावे. उसळ, डाळे, दाणे, दही, अंडे हे पदार्थ सावकाश पचतात. ते आधी पोटात गेले की मागून आलेली साखर रक्तात एकदम लोटत नाही, हळूहळू उतरते. पुराच्या पाण्याला बांध घालावा तसे हे आहे.

चकली गोड नसते, म्हणून ती कितीही खावी असे मात्र नाही. भाजणीत तांदूळ असतो. त्याचीही साखर होते. शिवाय ती तळलेली. तेलातुपाचा पदार्थ पोटात जास्त वेळ राहतो. म्हणून त्याची साखर उशिरा चढते आणि बराच वेळ टिकते. एक चकली बास.

दुपारी जेवताना तिने आधी काकडीची कोशिंबीर आणि पालेभाजी खाल्ली, मग वरण, मग ज्वारीची एक भाकरी. भात घेतला नाही. भाताची जागा तिने लाडवाला ठेवली होती. कारण भातही खाल्ला आणि वर लाडूही खाल्ला, तर दोन्हींची साखर एकावर एक चढते. गोड घ्यायचे तर त्या बदल्यात भात किंवा पोळी कमी करायची. भाजी आणि वरण मात्र कमी करायचे नाही.

शेवटी एक लाडू. पण तो लाडू वेगळा होता. सासूबाईंनी सगळ्यांसाठी नेहमीचे लाडू केले, आणि थोडे वेगळे वळले. अर्धा किलो बेसनाला साखर पाव किलोच घेतली. तूप पाव किलो ठेवले, कारण लाडू तुपावर वळतो. बेसन मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजले आणि वेलदोडा थोडा जास्त घातला. भाजण्यात खमंगपणा आला की गोडी कमी वाटत नाही. त्याचे तीसऐवजी चाळीस लहान लाडू वळले. एका लाडवात साखर सव्वा चमचाच आली. नेहमीच्या लाडवात ती तीन चमचे होती.

दिवसाला असा एकच लाडू, तोही जेवणानंतर. ज्या दिवशी करंजी खायची त्या दिवशी लाडू नाही. पुरणपोळीचेही तसेच. अर्धी पुरणपोळी घेतली की त्या दिवसाचे गोड संपले, आणि त्या जेवणात भात नाही.

जेवण झाल्यावर सुमन आडवी झाली नाही. ओसरीवर आणि अंगणात पंधरा मिनिटे सावकाश चालली. पायांचे मोठे स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात. त्यांना त्या वेळी इन्सुलिनही कमी लागते. रोज दोन्ही वेळच्या जेवणानंतर असे चालावे. मात्र डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितले असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा पोटात कळा येत असतील, तर चालू नये.

इथे एक चूक पुष्कळ जणी करतात. दुपारी गोड जास्त झाले म्हणून रात्री उपाशी राहतात. किंवा उद्या फराळ आहे म्हणून आज उपवास करतात. गरोदरपणात असे करू नये. लांब उपासाने अंगातली चरबी जळू लागते, थकवा येतो. मग भूक लागली की माणूस हावरेपणाने खातो आणि साखर पुन्हा उसळते. दिवसात तीन लहान जेवणे आणि मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे, हे बरे. मधल्या वेळी मूठभर फुटाणे, ताक किंवा एक पेरू चालेल.

कढईतले तेल

साखरेचे झाले. आता वजनाचे पाहू. तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये जेवढी ताकद असते, ती साखरेच्या किंवा पिठाच्या एका ग्रॅमपेक्षा दुपटीहून जास्त असते. म्हणून तळलेले थोडे खाल्ले तरी वजन वाढते.

तळणीत किती तेल पदार्थात जाते, हे घरीच कळू शकते. कढईत तेल मोजून घाला. तळण झाल्यावर गार करून पुन्हा मोजा. जेवढे कमी भरले, त्यातले बहुतेक चकल्या-करंज्यांत गेले. तेल नीट तापलेले नसले की पदार्थ जास्त तेल पितो. म्हणून आधी पिठाची बारीक गोळी तेलात टाकून पाहावी. गोळी तळाशीच बसली तर तेल अजून थंड आहे. बुडबुडे काढत लगेच वर आली तर तेल ठीक तापले. टाकल्याबरोबर काळपट झाली तर फार तापले. एका वेळी कढईत फार घाणा घालू नये. त्याने तेल एकदम निवते.

चकली तोडल्यावर बोटाला तेल फार लागले, की समजावे तेल पुरेसे तापले नव्हते.

चिवड्याचे तर सोपे आहे. पोहे तळून घेण्याऐवजी पातळ पोहे आधी मंद आचेवर कोरडेच कुरकुरीत भाजावेत. मग पाव किलो पोह्यांना तीन-चार चमचे तेलाची फोडणी पुरते. शेंगदाणे, डाळे आणि कढीपत्ता घातला की तो चिवडा सगळ्या घराला आवडतो. गरोदर बाईसाठी वेगळा करावा लागत नाही.

फराळ तळून उरलेले काळे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नये.

शेजारणींची ताटे आणि डोहाळजेवण

घरचे सांभाळणे सोपे. अवघड असते ते शेजारचे. दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरतात. भेटायला गेले की प्रत्येक घरी लाडू हातात पडतो. चार घरी चार लाडू झाले की दुपारचा सगळा सांभाळ वाया जातो.

सासूबाईंनी यावर तोड काढली. सुमनच्या पिशवीत एक डबा दिला. कोणी लाडू दिला की सुमन म्हणायची, "काकू, तुमचा लाडू मी घरी नेते, जेवणानंतर खाईन." देणारीचा मान राहिला, घेणारीचा नियमही राहिला. डब्यातले मग घरची पोरे खात.

भाऊबीजेला माहेरची माणसे आली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी डोहाळजेवण ठरले. डोहाळजेवणात पाच प्रकारचे गोड असते आणि आलेली प्रत्येक बाई कौतुकाने घास भरवते. दहा बायांनी एकेक घास भरवला की चार-पाच लाडू कधी पोटात गेले ते कळतही नाही.

इथे सासूबाईंनी आधीच बायांना सांगितले, "पोरीची साखर वाढलीय गं. भरवायचंच तर ताटातल्या भाजीचा, उसळीचा घास भरवा." कार्यक्रमही जेवणानंतर ठेवला. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवण्याचा खेळ झाला. सुमनने वाटी उचलली, पेढा निघाला, सगळ्या हसल्या. तिने तो मोडून कणभर तोंडात टाकला आणि बाकीचा पोरांना वाटला. फुलांची वाडी भरली, पाळण्यात बसवले, गाणी झाली. यातल्या कशालाही साखर लागली नाही.

ओटीत पाच फळे आली. तीही एकदम संपवायची नाहीत. दिवसाला एखादे, अख्खे, चावून खावे. रस काढून पिऊ नये. रसात दोन-तीन फळांची साखर एकदम येते आणि चोथा निघून जातो.

आकडा उतरला तर, आणि नाही उतरला तर

दोन आठवडे झाले. सुमन घरून नेहमीचे जेवण जेवून निघाली. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी नर्सबाईंनी बोटातून रक्त घेतले. आकडा आला ११४. वजन दोन आठवड्यांत एक किलो वाढले होते. दोन्ही ठीक. औषध लागले नाही. पण तपासणी थांबत नाही. डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुन्हा पाहायचे. पुढे वार वाढते, तशी साखरही पुन्हा चढू शकते.

काही बायांचा आकडा आहार नीट सांभाळूनही १२० च्या आत येत नाही. त्यात त्यांचा दोष नसतो. वारेचे रस कोणाच्या अंगात किती जोर करतील, हे आपल्या हातात नाही. अशा वेळी डॉक्टर गोळ्या किंवा इन्सुलिनची सुई देतात. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून त्याची भीती धरू नये. पण सणाला जास्त खाणार म्हणून सुई आपल्या मनाने वाढवू नये, आणि सुई घेऊन उपाशीही राहू नये. सुई घेतल्यावर खाणे लांबले आणि घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर फार उतरली असे समजावे. लगेच पेलाभर पाण्यात तीन चमचे ग्लुकोज घालून प्यावे. ग्लुकोज नसेल तर साखरेचे पाणी घ्यावे, मग जेवावे. बरे वाटले नाही तर थेट दवाखाना गाठावा.

सणानंतर वजन जरूर करावे. एका महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढले, तर "दिवाळी झाली, चालायचंच" असे म्हणून सोडू नये. ते साखरेमुळे असेल, रक्तदाब वाढून अंगात पाणी साठल्यामुळे असेल, किंवा पोटात जुळी असतील. तोंड किंवा हात सुजले, डोके फार दुखले किंवा डोळ्यांना अंधुक दिसले, तर त्याच दिवशी जावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे डॉक्टर भेटतात.

ज्यांना ही साखर झाली त्यांनी बाळंतपण दवाखान्यातच करावे. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे, म्हणजे त्याची साखर उतरण्याचा धोका कमी होतो. नर्सबाईंकडून बाळाची साखरही पाहून घ्यावी. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईने ग्लुकोजची तपासणी पुन्हा करावी. बहुतेक जणींची साखर तोवर जाग्यावर येते. पण पुढे मधुमेह होण्याचा संभव त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून नंतरही अधूनमधून रक्त पाहत राहावे, आणि दुसऱ्या वेळी दिवस गेले की पहिल्याच भेटीत हे सांगावे.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या घरी अर्धा किलो बेसनाला किती साखर घालतात? त्याचे किती लाडू होतात? मग एका लाडवात किती चमचे साखर आली?

२. पहाटे रिकाम्या पोटी लाडू खाण्यापेक्षा दुपारी जेवणानंतर खाणे बरे, असे का?

३. तुमच्या ओळखीची कोणी सहाव्या-सातव्या महिन्यात आहे का? तिची ग्लुकोजची तपासणी झाली का? आकडा किती आला?